देवाची लाइट आणि मधली भिंत

गुरुवार, २ एप्रिल १९९८. सकाळी सव्वासात.

हजर: मी. माझे यजमान, कारखान्यात रजा टाकून. मुकादम. मुकादमाची बायको. दोन गडी. भिंतीपलीकडून, न बोलावता, थोरल्या जाऊबाई.

गैरहजर: थोरले दीर. भांडणाचा रंग दिसला की त्यांना जयसिंगपूरला काम निघायचं.

हे माझ्या वहीत त्या दिवशी लिहिलेलं तसंच आहे. घर पाडायचं ठरलं तेव्हा मी शंभर पानी वही घातली आणि पहिल्या पानावर कामांची यादी केली. एकतीस बाबी. झालेल्या बाबीपुढे बरोबरची खूण. त्या गुरुवारी सकाळी पहिल्या नऊ बाबींपुढे खुणा होत्या आणि त्यातली एक खोटी होती. ती मीच केलेली होती.

घर बसकं, कौलारू, एकमजली. दगडी जोत्यावर पांढऱ्या मातीच्या दीड हात जाड भिंती. सासरे गेल्यावर दोघा भावांची वाटणी झाली, तेव्हा घराचे मधोमध दोन भाग झाले. मधली भिंत सामाईक राहिली. अलीकडे आम्ही, पलीकडे थोरले दीर आणि जाऊबाई. जाऊबाईंना मी अक्का म्हणते. आजही म्हणते, पण आता समोर म्हणायची वेळ येत नाही.

वाटणीत सगळं वाटलं गेलं, फक्त देव वाटता येईनात. ते मधल्या भिंतीतल्या कोनाड्यात होते आणि कोनाडा आमच्या बाजूला होता. अक्का म्हणाल्या, देव तुमच्याकडं राहू देत, पण दिवा माझा. भिंतीला भोक पाडून त्यांनी आपल्या बोर्डावरून वायर घेतली आणि कोनाड्यात लाल झीरोचा बल्ब लावला. आमच्या घरात, त्यांच्या मीटरवर, वीस वर्षं तो बल्ब रात्रंदिवस जळत होता. घरात सगळे त्याला 'देवाची लाइट' म्हणायचे.

आता बाब क्रमांक चार. वीज मंडळात अर्ज दिला, वायरमन आला, मीटर काढून नेला, खांबावरून घरात येणारी वायर उतरवून गुंडाळून नेली. जाताना त्यानं विचारलं होतं, "आनि दुसरी कुठली लाइन आत येत्या काय, वैनी?" मी म्हटलं, "न्हाय." खोटं बोलायचं म्हणून नव्हे. लाइट म्हणजे आमची लाइट, जिचं बिल येतं ती. देवाची लाइट ही माझ्या डोक्यात लाइट नव्हतीच, ती देवाची होती. मी चारपुढे बरोबरची खूण केली. नंतर देव हलवून भाड्याच्या खोलीत नेले, बल्ब काढून डब्यात ठेवला. कोनाड्यात नुसता काळा होल्डर लोंबत राहिला. तो होल्डर मी रोज बघत होते.

बाकीच्या खुणा खऱ्या होत्या. महापालिकेची परवानगी. शेजाऱ्यांना तोंडी कल्पना. गॅसची टाकी आणि शेगडी खोलीवर. टेलिफोनची वायर काढली. नळाची लाइन घरात शिरायच्या आधीच नळवाल्यानं तोडून तोंडाला बूच मारलं, धुरळा बसवायला म्हणून रस्त्याकडेचा एकच नळ ठेवला. मोरीच्या गटारीचं तोंड गोणपाट आणि सिमेंट लावून बंद केलं, नाहीतर माती आत जाऊन सगळ्या आळीची गटार तुंबली असती. आणि बाब नऊ: मधल्या भिंतीचे पलीकडून फोटो, म्हणजे कुठली चीर आधीची आणि कुठली नंतरची यावर वाद नको. त्या फोटोंसाठी अक्कांच्या स्वयंपाकघरात मी सात मिनिटं होते. त्या सात मिनिटांत त्यांनी मला बस म्हटलं नाही आणि चुलीवरचं दूध उतू गेलं तरी माझ्यावरची नजर काढली नाही.

सव्वासातला मी मुकादमाला यादी वाचून दाखवली. काळासावळा, बुटका माणूस, डाव्या हाताची दोन बोटं अर्धी. त्यानं पूर्ण ऐकलं आणि बायकोकडं बघून म्हणाला, "झकास हाय. कागदावर समदं घर पडलंय."

मला राग आला. मी म्हटलं, "मग आता खरं पाडा. पंधरा दिवसांत जागा मोकळी पायजे. पावसाच्या आत पाया यायला हवा."

"पाडतो की. पर आदी आतनं पानी मारायचं. तुळयांवर वीस वर्षांची धूळ हाय, भिंतीत चुना हाय. सुकं पाडलं तर समद्या गल्लीत खोकला लागंल. आनि पानी मारायचं म्हंजी आदी लाइट बघायची."

"लाइट तोडल्या. मीटर नेलाय. बाब चार."

"बाब ऱ्हाऊ द्या. मी माझ्या हातानं बघणार."

पाणी मारायचं काम त्याच्या बायकोचं होतं. रबरी पाइप तिच्या हातात, पायात काही नाही, साडीचा काचा मारलेला, नाकातोंडाला ओला टॉवेल बांधलेला. त्याचा सगळा हट्ट कशासाठी आहे, हे मला समोर दिसत होतं. तरी मला तो वेळकाढूपणा वाटला.

त्यानं खिशातून टेस्टर काढला. बोर्डाच्या उघड्या टोकांना लावणार, एवढ्यात थांबला. "ह्यो पेटतोय का, हेच मला ठाऊक न्हाय. आज सकाळी पोरानं पाडलाय. आदी जित्या लाइटीवर लावून बघाय पायजे. मेलेला टेस्टर समद्यास्नी मेलेलंच सांगतोय."

घरात जिती लाइट नव्हती. जवळची जिती लाइट भिंतीपलीकडे होती.

तो अक्कांच्या दारात गेला. आम्ही सगळे अंगणातून बघत होतो. अक्का उंबऱ्यावर उभ्या राहिल्या, एक हात चौकटीला.

"काय पायजे?"

"जरा प्लगला टेस्टर लावून बघतो, आक्का. अर्धं मिनिट."

"माझं घर पाडाय आलायस, आनि माझ्याच घरात येतोयस व्हय?"

"तुमचं न्हाय वो, शेजारचं पाडाय आलोय."

"मधली भिंत कुनाची?"

"दोघींची."

"मग निम्मं माझं पाडाय आलायस. हो बाहेर."

दार लागलं. कडी वाजली. मुकादम परत आला आणि जोत्यावर बसून तंबाखू मळायला लागला. गडीही बसले.

मी म्हटलं, "बसलासा काय?"

"टेस्टर बघितल्याबिगर पानी न्हाय. पान्याबिगर पाडाई न्हाय."

"अहो, मीटर न्हाय तर लाइट येणार कुठनं? आभाळातनं?"

"ते मला काय म्हाईत? मी काय वीज मंडळात हाय?"

यजमान म्हणाले, "जाऊ दे, थांबू या थोडं." ते आयुष्यभर हेच म्हणत आले आहेत. मी त्यांच्याकडं बघितलंही नाही. सरळ मुकादमाच्या बायकोकडं गेले आणि म्हटलं, "तू मार गं पाणी. नळ मी सोडतो. त्या मधल्या भिंतीपासनं सुरू कर." मधलीच भिंत का, ते सांगते. पलीकडे अक्का कान लावून उभ्या असणार, हे मला माहीत होतं. काम सुरू झालं हे त्यांना ऐकू जायला हवं होतं.

ती बाई नवऱ्याकडं बघेपर्यंत मी नळ सोडला होता. पाइप फुगला, तोंडातून पाणी उडून थेट आत गेलं. मुकादम उठला तो धावतच. त्यानं नळ बंद केला, पाइप बायकोच्या हातातून ओढून अंगणात फेकला आणि माझ्यासमोर उभा राहिला. माझ्या घरात माझ्यावर असा आवाज आजवर कुणी चढवला नव्हता.

"वैनी, बायकू माझी हाय. ती काय तुमच्या यादीतली बाब न्हाय. पुन्ना नळाला हात लावलासा तर मी चाललो. दुसरा बगा."

मी म्हटलं, "जावा की. कोल्हापुरात मुकादम काय कमी पडल्यात?"

तो गेला. पण टोपली, पहार, गडी, बायको सगळं ठेवून. कोपऱ्यावरच्या चहाच्या गाड्यामागं दुकान होतं, तिथं जाऊन टेस्टर प्लगला लावून परत आला. दहा मिनिटं लागली. गल्लीतले चारजण त्याच्यामागून आले, कारण तोवर आमचा आवाज सगळीकडं गेला होता.

"पेटतोय," तो म्हणाला, माझ्याकडं न बघता.

मग तो एकेक टोक बघत गेला. पडवीचा बोर्ड: मेलेला. माजघर: मेलेलं. स्वयंपाकघर: मेलेलं. प्रत्येक वेळी तो मोठ्यानं "मेलेलं" म्हणायचा आणि मी वहीकडं बघायची. मला वाटायला लागलं की आता याला चांगलं सुनवावं. शब्द जुळवून ठेवलेही होते.

कोनाड्यात त्यानं होल्डर हातात धरला नाही. दुसरा हात पाठीमागं घेऊन नुसतं टेस्टरचं टोक आत लावलं.

टेस्टरमधला लाल ठिपका पेटला.

त्या कोनाड्याखालची भिंत वीतभर ओली होती. मी सोडलेल्या पाण्याचा पहिला फवारा तिथंवर आला होता. जुनी वायर, कापडात गुंडाळलेली, भिंतीत गिलाव्याखालून गेलेली. मुकादमाच्या बायकोनं भिंतीवरची ओल बघितली, मग आपल्या पायांकडं, मग माझ्याकडं. ती एकच वाक्य बोलली, सबंध कामात माझ्याशी बोललेलं तिचं ते एकच वाक्य.

"ही कुनाची लाइट हाय?"

मी म्हटलं, "देवाची."

आणि ते बोलतानाच मला कळलं की वायरमनला मी काय सांगितलं होतं.

मुकादमानं सगळ्यांना बाहेर काढलं, दाराला आडवं लाकूड लावलं आणि मला म्हणाला, "आता तुम्ही जावा. तुमची जाऊ हाय." यजमान चप्पल शोधत होते. मीच गेले.

अक्कांनी दार अर्धं उघडलं. मी सरळ सांगितलं: तुमच्या बोर्डावरनं देवाची वायर येत्या, ती सोडवायला पायजे, भिंतीत करंट आहे.

"वीस वर्सं करंट हाय. आज कळला तुला?"

"आज पाणी मारायचं आहे. बाई मेली असती आत्ता."

"कोन मारत होतं पानी?"

त्यांना माहीत होतं. त्यांनी ऐकलं होतं.

"देव नेलंस," अक्का म्हणाल्या. "मला इचारलंस? बल्ब काढलास. मला इचारलंस? आता वायर सोड म्हनतीस. त्या भिंतीवर माझं काय ऱ्हातंय मग?"

"निम्मी भिंत राहत्या की. कागदावर आहे."

"कागद तुझा. दिवा माझा हुता."

"दिवा पायजे का कुणाचा जीव पायजे?" मी जरा मोठ्यानंच म्हटलं, गल्लीला ऐकू जाईल असं. ते चुकलं. गल्ली पुढं सरकली आणि अक्कांनी दार आपटलं.

मी उंबऱ्याबाहेर उभी. मागून मुकादम म्हणाला, "ऱ्हाऊ दे वैनी, मी बोलतो." तो दारापाशी आला, बंद दाराकडं तोंड करून हळू आवाजात बोलला. "आक्का, मी तुमच्या भांडनात न्हाय. माझी बायकू आत पानी मारनार हाय. तुम्ही म्हनशीला तवा मारंल. उद्या म्हनला तर उद्या. आमी बसतो." आणि तो खरंच बसला, त्यांच्या पायरीवर, पाठ दाराला लावून. बायको त्याच्याशेजारी बसली.

पाऊण तास गेला. मी वहीत वेळ लिहिली: आठ पन्नास. मग दार उघडलं. अक्कांच्या मुठीत चिनीमातीचा पांढरा फ्यूज होता. तो त्यांनी मला दाखवला नाही, मुकादमाच्या बायकोला दाखवला.

"ह्यो मी काढला. हिनं न्हाय."

मुकादम म्हणाला, "लई उपकार, आक्का. पर फ्यूज परत बसतोय. कुनी तरी लावंल चुकून. वायरच बोर्डातनं सोडवाय पायजे."

अक्कांनी जरा विचार केला. "सोडवा. वायरमन आना. पर त्या भिंतीतलं भोक कुनी बुजवायचं न्हाय. माझी वायर, माझं भोक. मी बुजवीन मला बुजवायचं तवा." मग पहिल्यांदा माझ्याकडं बघून: "लिव्ह तुझ्या वहीत."

मी लिहिलं. बाब एकतीस होती 'जागा झाडून घेणे'. ती खोडून लिहिलं: 'मधल्या भिंतीतलं भोक बुजवणे – अक्का.'

दुपारी वायरमन आला. त्यानं अक्कांच्या बोर्डातून वायर सोडवली, आमच्या बाजूनं ओढून काढली, मुकादमानं परत टेस्टर लावला, परत दुकानात जाऊन तपासला, परत लावला. मग नळ सोडला. चारपुढची खूण मी खोडून त्या तारखेची नवी केली.

पुढचं काम ठरल्या क्रमानं झालं, पण एकही दिवस शिवीशिवाय गेला नाही. आधी दारं, खिडक्या, कड्या, कोयंडे काढले. मागच्या न्हाणीवर सिमेंटचे पत्रे होते. गडी घण घेऊन निघाले, तर मुकादमानं आईवरून शिव्या घातल्या. ते पत्रे फोडायचे नाहीत, त्यांचा भुगा छातीत बसतो. भिजवून, बोल्ट सोडवून, अख्खे उतरवले, प्लास्टिकमध्ये गुंडाळून वेगळे ठेवले. मग कौलं. फळ्या टाकून त्यांवर उभं राहून, वरच्या ओळीपासून खाली, दोन्ही उतारांवरून सारखी, म्हणजे एका बाजूला भार राहून छप्पर कलायला नको. वरून एकही कौल फेकलं नाही, हातोहात दिलं.

आढं, म्हणजे छपराचं शेंड्याचं लांब लाकूड, दोन्ही घरांवरून एकच गेलेलं. इथं अक्का माळ्याच्या शिडीवर चढून भिंतीवरून डोकं काढून उभ्या. "माझं आढं ओढलंसा तर पोलिसांत जातो." मुकादमानं ओढलं नाहीच. आमच्या बाजूनं टेकू दिला, मधल्या भिंतीला लागून करवतीनं हळूहळू कापलं. तुळयांची टोकंही तशीच कापली आणि भिंतीतली टोकं भिंतीतच ठेवली. उपसली असती तर मातीची भिंत हादरली असती.

आडव्या भिंती काढायच्या आधी मधल्या भिंतीला तिरके टेकू दिले, कारण आजवर त्या आडव्या भिंतीच तिला धरून होत्या. मग वरून खाली, थर थर, भिजवून. बुडात कुणी पहार घातली नाही. एका गड्यानं घातली, तर मुकादमानं त्याला त्या दिवशी घरी पाठवलं. रस्त्याच्या बाजूनं बांबूंना ओली गोणपाटं टांगली होती. तरी समोरची बाई रोज येऊन आपल्या वाळवणावर बोट फिरवून मला दाखवायची. मी तिला फोटो काढते म्हटलं. ती म्हणाली, "काढ, तुझ्या तोंडाचाबी काढ."

मलब्याचे ढीग वेगळे केले. कौलं, लाकूड, दगड हे परत वापरायचे किंवा विकायचे. पांढरी माती राधानगरीकडचा एक शेतकरी शेतात टाकायला घेऊन गेला. जुन्या घराच्या मातीला पीक चांगलं येतं म्हणतात. पत्रे आणि सिमेंटचा चुरा उरला. ट्रॉलीवाला म्हणाला, "ओढ्यात टाकतो की, वैनी, कोन बघतंय?" मी म्हटलं, "मी बघतो." महापालिकेनं दाखवलेल्या जागेवर प्रत्येक खेप उतरेपर्यंत यजमानांना स्कूटरवरून ट्रॉलीच्या मागं पाठवलं. चुरा भिजवून, वर ताडपत्री बांधून. ट्रॉलीवाला शेवटच्या खेपेला मला म्हणाला, "तुमच्या घरात जल्माला आलो न्हाई, देवाची कृपा."

पंधराव्या दिवशी जागा मोकळी झाली. फोटो लावून बघितले, अक्कांच्या भिंतीला एकही नवी चीर नव्हती. हे मी मुकादमासमोर बोलले. आभार मानायला हवे होते, तेवढं मात्र जमलं नाही. तो म्हणाला, "आता तरी कागद आनि घर एकच झालं." त्याची बायको टोपल्या एकात एक घालत होती. तिनं वर बघितलं नाही.

नवं घर बांधताना बाजूनं तीन फूट जागा सोडावी लागली, म्हणून मधली भिंत उघडीच राहिली. पावसाच्या आत आमच्या बाजूनं तिला सिमेंटचा गिलावा केला. गवंडी कोनाड्यापाशी आला तेव्हा पलीकडून आवाज आला, "भोकाला हात लावायचा न्हाय." त्यानं माझ्याकडं बघितलं. मी म्हटलं, "सोड." कोनाडा बुजला, भोक तेवढं राहिलं. त्याच्याभोवती तळहाताएवढी जागा अजून मातीची आहे.

आता २००७. देव आमच्या नव्या देवघरात आहेत, आमच्या मीटरवर. अक्का सणालाही येत नाहीत. दीर वारले तेव्हा मी गेले होते. त्यांनी मला बस म्हटलं, पण चहा दिला नाही.

त्या भोकात पलीकडून चिंधी कोंबलेली असते. ती दर वर्षी बदलते. गेल्या वर्षी निळी होती, यंदा हिरवी आहे, बहुतेक जुन्या पोलक्याची. पावसानं ती भिजते, भिंतीतून पाणी मुरतं, आमच्या बाजूचा गिलावा फुगायला लागला आहे. मला ते भोक पाच मिनिटांत बुजवता येईल. सिमेंटची अर्धी पिशवी जिन्याखाली पडून आहे.

वही काल काढली. तीस खुणा. पाऊस पंधरा दिवसांवर आला आहे.

बाब एकतीस: मधल्या भिंतीतलं भोक बुजवणे – अक्का. बाकी.